परत आलेल्या पत्राचं उत्तर

सर, सविनय नमस्कार.

परवा परीक्षा विभागाकडून आपल्याकडे गेलेलं पत्र काल दुपारी परत आलं. शिपायानं ते माझ्या टेबलावर ठेवलं तेव्हा मला वाटलं, पोच असेल. उघडलं तर समासात आपल्या अक्षरात तीन ओळी होत्या : ‘हे सात रकाने कशासाठी? आमच्या विभागाचे पत्रक चोवीस वर्षे विनातक्रार चालले आहे. खुलासा व्हावा.’

खुलासा मागितलात ते एका परीनं बरंच झालं. बाकीच्या तेरा विभागांनी पत्र फाईलला लावलं, आणि निकालाच्या आदल्या रात्री त्यांचे फोन येणार हे मला आत्ताच दिसतंय. पत्रावर सही परीक्षा नियंत्रकांची असली तरी मसुदा माझा होता. ‘उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, निकालपत्रकांमध्ये एकसूत्रता आणण्याच्या दृष्टीने सोबतच्या नमुन्यात माहिती सादर करावी’ एवढं लिहिलं आणि नमुना जोडला. एकसूत्रता म्हणजे काय आणि ती कुणाला हवी, हे त्यात कुठंच नाही. त्यामुळं हे दुसरं पत्र घरी बसून लिहितोय. याला जावक क्रमांक नाही.

आधी आपल्या पत्रकाबद्दल. मराठी विभागाचं पत्रक आलं की आमच्या खोलीत ते हातोहात फिरतं. फूटपट्टीनं आखलेल्या ओळी, आडनावं एका रेषेत, आणि खाली आपली वळणदार सही. त्यात चूक सापडली असंही फारसं झालेलं नाही. पण सर, ते पत्रक ज्यांनी लिहिलं त्यांना वर्गातलं प्रत्येक पोर माहीत आहे. आमच्याकडे ते वाचणाऱ्याला एकही माहीत नाही. आपल्या पत्रकातली आडवी रेघ आपल्यापुरती स्पष्ट असते. आमच्या खोलीत आली की तीच रेघ कोडं होऊन बसते.

त्या रेघेचीच गोष्ट सांगतो, कारण नव्या नमुन्याची सुरुवात तिथून झाली.

तीन वर्षांपूर्वी एका विभागाच्या पत्रकात एका मुलीच्या अंतर्गत गुणांची चौकट रिकामी होती. कुठला विभाग ते सांगत नाही, कारण चूक त्यांची नव्हती, माझी होती. रात्रीचे साडेनऊ वाजले होते, सकाळी निकाल लावायचा होता आणि संगणक रिकामी चौकट पुढं सरकू देत नव्हता. तिच्या वरच्या आणि खालच्या ओळीत आकडे होते. लेखीला तिला 38 होते, म्हणजे परीक्षेला ती आली होती. मी विचार केला, वर्षभर काही दिलंच नसेल म्हणून गुण नसतील. आणि 0 टाकला.

अंतर्गत 40 पैकी 16 लागतात, म्हणून ती त्या पेपरात नापास झाली. दुसऱ्या दिवशी ती खिडकीशी आली तेव्हा रडत वगैरे नव्हती. मोबाईलवर निकाल उघडून तिनं तो काचेला लावला आणि विचारलं, “सर, माझं प्रेझेंटेशन झालं होतं ना?” मला कुठून माहीत असणार! चौकशी केली तेव्हा कळलं, की तिचं प्रेझेंटेशन आजारपणामुळं आठवडाभर उशिरा झालं होतं. मॅडमनी गुण वेगळ्या कागदावर लिहून ठेवले होते आणि मुख्य पत्रकात ‘नंतर भरू’ म्हणून जागा सोडली होती. 40 पैकी 33. निकालात दुरुस्ती करायला अकरा दिवस गेले, कारण जाहीर झालेला निकाल बदलायचा तर अर्ज, विभागाचा खुलासा, परीक्षा नियंत्रकांची टिपणी आणि प्राचार्यांची मान्यता या वाटेनंच जावं लागतं. तेवढ्यात तिनं दुसरीकडे भरलेल्या एका फॉर्मची तारीख निघून गेली.

त्यानंतर मी मागच्या दोन वर्षांची सगळी पत्रकं काढून बसलो आणि रिकाम्या चौकटी मोजू लागलो. मोजता मोजता त्यांचे चार अर्थ निघाले. विद्यार्थी गैरहजर. त्यानं हा विषय घेतलेलाच नाही, पण नाव वर्गाच्या यादीतून तसंच उतरलं. गुण तयार आहेत, पण अजून यायचे आहेत. आणि गुण आहेत, पण कॉपीच्या प्रकरणामुळं किंवा आणखी कशामुळं ते रोखून धरलेत. हे चारही अर्थ काही ठिकाणी कोऱ्या जागेनं, काही ठिकाणी रेघेनं, एका विभागात फुलीनं आणि आपल्याकडे ‘गै.’ या अक्षरानं दाखवले होते. आपला ‘गै.’ सगळ्यात स्पष्ट होता हे मान्य करतो. पण आपल्याच विभागात दुसऱ्या सरांच्या पेपराला त्याच जागी रेघ होती.

म्हणून नव्या नमुन्यात पहिला नियम असा, की कुठलीही चौकट कोरी राहणार नाही. आकडा नसेल तर चारपैकी एक खूण. गैरहजर असेल तर `AB`, विषय घेतलेला नसेल तर `NA`, गुण यायचे असतील तर `PD`, रोखलेले असतील तर `WH`. मराठीच्या विभागाला इंग्रजी अक्षरं पाठवताना मलाही अवघडल्यासारखं झालं. पण निकालाच्या सॉफ्टवेअरला हीच अक्षरं कळतात, आणि कुणाला तरी ‘गै.’चं `AB` करावं लागणारच. ते विद्यार्थ्याला ओळखणाऱ्या माणसानं केलेलं बरं.

आपण स्टाफरूममध्ये म्हणालात असं कानावर आलं, की गैरहजराला शून्य आणि शून्यवाल्यालाही शून्य, मग एवढा भेद कशाला? गुणांकात खरंच भेद नाही. यूजीसीच्या दहा अंकी श्रेणीत नापास आणि गैरहजर दोघांनाही 0च गुणांक आहे. भेद नंतर उघडा पडतो. ज्यानं पेपर लिहून 0 मिळवला त्याची उत्तरपत्रिका आहे. तो तिची झेरॉक्स मागू शकतो, पुनर्मूल्यांकनाला अर्ज करू शकतो. गैरहजराची उत्तरपत्रिकाच नाही. त्याच्या नावापुढं चुकून 0 पडला तर तो फोटोकॉपीसाठी पैसे भरतो आणि आम्ही गोडाऊनमध्ये नसलेला गठ्ठा दोन दिवस शोधत बसतो. हे झालेलं आहे. गठ्ठा शोधणारा मीच होतो.

शून्याचा आणखी एक घोळ आहे. श्रेणीतली सगळ्यात वरची अक्षरश्रेणी ‘ओ’. तिला 10 गुणांक. हातानं लिहिलेला इंग्रजी ओ आणि हातानं लिहिलेलं शून्य शेजारी ठेवून बघा. एका विभागानं गुणांऐवजी श्रेणीच लिहून पाठवल्या होत्या, आणि वर्गातल्या सर्वात हुशार पोराच्या नावापुढचं ते गोल कडं काय समजायचं यावर आमच्या खोलीत पाच मिनिटं चर्चा चालली. त्यामुळं नव्या पत्रकात श्रेणीचा रकानाच ठेवलेला नाही. विभागानं फक्त मिळालेले गुण लिहायचे. श्रेणी, गुणांक आणि ग्रेस हे आमच्याकडे.

ग्रेसवरून आठवलं. लेखीला 60 पैकी 24 लागतात आणि पोराला 22 पडलेत असं दिसलं, की काही शिक्षकांचा हात विरघळतो आणि पत्रकात थेट 24 येतात. त्यांचं मन मोठं आहे, पण त्यामुळं नियमातला ग्रेस कुठं वापरला याची नोंद राहत नाही. आणि कुणी माहिती अधिकारात उत्तरपत्रिका मागितली, तर आत 22 आणि पत्रकावर 24. 22 असतील तर 22च लिहा. दोन गुणांची सोय नियमात बसत असेल तर आम्ही करतो, खूण लावून करतो.

आता अंतर्गत आणि लेखी असे दोन वेगळे रकाने का. काही विभागांच्या पत्रकात एकूण गुणांचा एकच रकाना असतो, कारण जुन्या पद्धतीत तेवढा पुरत होता. आता दोन्हीकडे वेगळं पास व्हावं लागतं : अंतर्गत 40 पैकी 16, लेखी 60 पैकी 24. समजा एखाद्याला अंतर्गत 31 आणि लेखी 21 मिळाले. बेरीज 52. एकूण रकान्यात तो 52 गुणांनी ऐटीत पास दिसतो, आणि प्रत्यक्षात लेखीत तीन गुणांनी राहिलेला असतो. एकूणमधून आम्ही मागं जाऊ शकत नाही. 52 कशाकशाचे झाले हे कागद सांगत नाही. म्हणून बेरीज करूच नका. दोन आकडे सुटे पाठवा. बेरजेचं काम यंत्राला येतं.

पण बेरजेतही यंत्रावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. विभागात जे नवीन सर एक्सेलमध्ये पत्रक करतात त्यांना हे दाखवा :

```
=C2+D2
=SUM(C2:D2)
```

`C2`मध्ये 31 आणि `D2`मध्ये `AB` असेल, तर वरचं सूत्र `#VALUE!` म्हणून ओरडतं. खालचं गुपचूप 31 देतं. ते `AB` गिळून टाकतं, कारण त्याच्या लेखी ती अक्षरं आहेत आणि बेरजेत अक्षरं धरायची नसतात. लोकांना ओरडणारं सूत्र नको असतं, म्हणून ते खालचं वापरतात, आणि गैरहजर पोराला 31 गुणांचा मालक करतात.

पत्रकाच्या डोक्यावर जी चौकट आहे तिच्यात पेपरचा कोड, श्रेयांक म्हणजे क्रेडिट, आणि कमाल गुण लिहायचे आहेत. आपण तिथं ‘हे आम्हाला पाठ आहे’ असं लिहिलंय. आपल्याला आहेच. पण नव्या शैक्षणिक धोरणाच्या अभ्यासक्रमात 4 श्रेयांकांचा पेपर 100 गुणांचा आणि 2 श्रेयांकांचा 50 गुणांचा असे दोन्ही प्रकार एकाच सत्रात येतात. 2 श्रेयांकांच्या पेपरात कुणाला 41 मिळाले तर ते 50 पैकी 41 आहेत, म्हणजे शेकडा 82. डोक्यावर कमाल गुण नसतील आणि भरणाऱ्यानं ते 100 पैकी धरले, तर तेच पोर काठावर पास होतं. आकडा बरोबर, पोराचं नाव बरोबर, पत्रकात खाडाखोड नाही, तरी निकाल चुकतो.

श्रेयांकाचा हिशेब एकदा कागदावर करून दाखवतो, कारण गेल्या वर्षी आपल्याच एका विद्यार्थ्याचे वडील भांडायला आले होते आणि आपण मला बोलावलं होतं. सत्रात आठ पेपर होते. तीन पेपर 4 श्रेयांकांचे, त्यात त्याचे गुणांक 6, 6 आणि 7. पाच पेपर 2 श्रेयांकांचे, त्यात 9, 9, 10, 8 आणि 9. वडिलांनी आठही गुणांकांची बेरीज केली : 64. भागिले 8, उत्तर बरोबर 8.00. आणि गुणपत्रकावर होते 7.55. त्यांचं म्हणणं, कॉलेजनं पॉइंट खाल्ले.

आमचा हिशेब असा. 4 श्रेयांकांच्या पेपरांचे गुणांक 19, गुणिले 4 म्हणजे 76. 2 श्रेयांकांच्या पेपरांचे गुणांक 45, गुणिले 2 म्हणजे 90. दोन्ही मिळून 166. सत्राचे एकूण श्रेयांक 12 आणि 10 मिळून 22. 166 भागिले 22 म्हणजे 7.545, दोन दशांशांपर्यंत 7.55. पोरगा छोट्या पेपरांत चमकला होता आणि मोठ्या पेपरांत मागं पडला होता, आणि मोठ्या पेपराचं वजन दुप्पट असतं. वडील हिशोबाचे पक्के होते, किराणा दुकान चालवतात. मी त्यांना म्हटलं, “दोन किलो साखर आणि एक किलो शेंगदाणे यांचा सरासरी भाव तुम्ही दोन भाव मिळवून निम्मा करून काढाल का?” ते हसले आणि गेले. डोक्यावरची श्रेयांकाची चौकट रिकामी राहिली तर आमच्याकडेही तोच निम्मा भाव निघायचा.

आता पीआरएनचा रकाना. यावर आपण सगळ्यात रागावलेले दिसता. ‘नाव आणि आसन क्रमांक असताना सोळा आकड्यांचे हे शेपूट कशाला?’ शेपूट हा शब्द आवडला.

आसन क्रमांक दर सत्राला बदलतो. नावाचं तर विचारूच नका. एकच मुलगी बारावीच्या गुणपत्रकावर एका स्पेलिंगनं, प्रवेश अर्जावर दुसऱ्या आणि बँकेत तिसऱ्या. वर्गात एकाच नावाची, एकाच वडिलांच्या नावाची दोन पोरंही मी पाहिली आहेत. विद्यापीठानं प्रवेशाच्या वेळी दिलेला पीआरएन तेवढा शेवटपर्यंत तोच राहतो. एटीकेटीवाला पोरगा दोन वर्षांनी पेपर सोडवतो तेव्हा त्याचे जुने आणि नवे गुण याच शेपटाला धरून एकत्र येतात.

पण हे शेपूट एक्सेलमध्ये हमखास तुटतं. एक्सेल आकड्यातले पहिले 15 अंकच नीट धरतं. सोळावा अंक असेल तर त्याचं शून्य करून टाकतं, आणि सांगतही नाही. समजा कुणी `2023015600412347` टाइप केलं. एंटर मारल्यावर आधी पडद्यावर `2.02302E+15` असलं काहीतरी दिसतं. टाइप करणारा वैतागून फॉरमॅट बदलतो, मग पूर्ण आकडा दिसतो आणि त्याला हायसं वाटतं. पण तो आकडा असतो `2023015600412340`. सात गेला. एका वर्गाचे पीआरएन बहुतेक ओळीनं असतात. 2341 पासून 2349 पर्यंतची नऊ पोरं आणि 2340 वालं दहावं, सगळी एकाच क्रमांकावर येऊन बसतात. मागच्या वर्षी एका विभागाच्या फाईलमध्ये 60 विद्यार्थ्यांचे मिळून सातच पीआरएन होते. तपासायची खूण सोपी आहे. रकान्यावरून नुसती नजर फिरवायची. सगळ्यांच्या शेवटी शून्य दिसलं की समजायचं, मोडलं.

आणि मोडलेलं पुन्हा जुळत नाही. नंतर फॉरमॅट ‘टेक्स्ट’ केला तरी गेलेला अंक परत येत नाही, पुन्हाच टाइप करावं लागतं. म्हणून आम्ही पाठवलेल्या फाईलमध्ये तो रकाना आधीच टेक्स्ट करून, त्यात विद्यार्थ्यांचे पीआरएन भरूनच दिले आहेत. विभागानं त्याला हात लावायचाच नाही. कृपा करून नवी फाईल बनवून त्यात चिकटवू नका, आम्ही दिलेलीच भरा. `.csv` करून पाठवू नका, कारण ती फाईल नुसती डबल क्लिक करून उघडली तरी हेच पुन्हा होतं. आमच्या एका मुलानं दुहेरी नोंदी शोधायला `COUNTIF` लावलं, तर टेक्स्ट असलेल्या बरोबर क्रमांकांनाही त्यानं दुहेरी ठरवलं, कारण तेही तुलना करताना अशा लांब क्रमांकांना आकडाच समजतं आणि पंधरानंतर डोळे मिटतं. दिवसभर आम्ही नसलेल्या चुका शोधत होतो. त्या दिवशी आपल्या हातानं आखलेल्या पत्रकाची फार आठवण झाली.

आता राहिलं पानाच्या तळाचं. प्रत्येक पानावर 25 नावं आणि खाली हजर, गैरहजर, इतर, एकूण अशा चौकटी. त्यांच्या शेजारी ‘पानाची बेरीज’, म्हणजे त्या पानावरच्या लेखी गुणांची नुसती बेरीज. आपण तिच्यापुढं प्रश्नचिन्ह काढलंय. पंचवीस पोरांच्या गुणांची बेरीज करून करायचं काय? निकालाला तिचा काही उपयोग नाही. तो पानाचा ठसा आहे. आम्ही तुमचे आकडे संगणकात भरतो तेव्हा आमचीही बेरीज निघते. दोन्ही जुळल्या तर पान पुढं जातं.

न जुळल्या तर काय, ते मार्चमधल्या एका पानावरून सांगतो. विभागाची बेरीज 892, आमची 919. फरक 27. आमच्यातले जुने हेडक्लार्क, आता निवृत्त आहेत, ते फरक बघून आधी 9नं भागायचे. भाग गेला तर म्हणायचे, “आकडा उलटा पडलाय.” कारण दोन अंकी संख्येतले अंक उलटले की फरक नेहमी 9च्या पटीत येतो. 27 म्हणजे 9 त्रिक 27, म्हणजे उलटलेल्या दोन अंकांत तिनाचं अंतर. आमची बेरीज जास्त आहे, म्हणजे लहान संख्येची मोठी झाली. गुण 60 पैकी आहेत. तेव्हा शक्यता तीनच : 3चे 30, 14चे 41, किंवा 25चे 52. पंचवीस ओळी पुन्हा वाचायच्या ऐवजी आमच्या रकान्यात फक्त 30, 41 आणि 52 शोधायचे. दोन ठिकाणी सापडले, त्यातला एक 52 विभागाच्या कागदावर 25 होता. सगळा शोध अर्ध्या मिनिटाचा. तो पोरगा 25 गुणांनी पास होताच, त्यामुळं त्याला कधीच कळलं नसतं. पण त्या 52वर कुणीतरी पुढं गुणवत्ता यादी लावली असती.

हा ठसा सगळं पकडत नाही, हेही सांगून ठेवतो. गुण योग्य पण माणसं चुकलेली असतील, तर बेरीज तशीच राहते. एका विभागात कुणीतरी फक्त गुणांचा रकाना निवडून चढत्या क्रमानं लावला. एक्सेलनं विचारलंही होतं, `Expand the selection` की `Continue with the current selection`? घाईत दुसरं दाबलं गेलं. नावं जागेवर राहिली आणि गुण तेवढे सरकले. हजर तेवढेच, गैरहजर तेवढेच, बेरीज पै न पै जुळलेली. आम्ही तर पान पुढं पाठवलं होतं. पकडलं ते आमच्या शिपायानं. गठ्ठा बांधता बांधता तो म्हणाला, “हा वर्ग बरा शिस्तीचा आहे, पहिल्या नंबरला सगळ्यात कमी आणि शेवटच्याला सगळ्यात जास्त.” जिन्यासारखे चढत गेलेले गुण! त्यानंतर दर पानावरची पाच नावं, कुठलीही, थेट उत्तरपत्रिकेशी ताडून बघायचा नियम केला. एकानं आसन क्रमांक आणि गुण पुकारायचे, दुसऱ्यानं उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावर बघून टिक करायची. पुकारणारा आणि टिक करणारा एकच माणूस नको. पत्रकावर तीन सह्यांच्या जागा आहेत त्या याच कारणानं : गुण देणारे, ताडणारे आणि विभागप्रमुख. खाडाखोड झाली तर पांढरी शाई नको. एक सरळ काट, वर नवा आकडा, शेजारी आद्याक्षरी. जुना आकडा वाचता आला पाहिजे.

नावं आम्हीच छापून देतोय, त्याबद्दल आपली हरकत मला समजते. आपल्या पत्रकात पोरांच्या नावांच्या वेलांट्या शुद्ध असतात, आणि आमच्या छापील यादीत एकाच्या ‘किर्ती’नं आपल्याला नक्की दुखेल. पण ती नावं विद्यार्थ्यानं प्रवेश अर्जात जशी लिहिली तशी आली आहेत आणि पदवी प्रमाणपत्रावरही तशीच जाणार आहेत. चूक दिसली तर पत्रकात सुधारू नका. शेऱ्याच्या रकान्यात लिहा, आम्ही विद्यार्थ्याला बोलावून, कागद बघून मुळातच दुरुस्त करतो. आणि विभागातल्या जुन्या संगणकावरचा तो जुना मराठी फॉन्ट कृपया यासाठी वापरू नका. आपल्याकडे त्यात ‘कुलकर्णी’ दिसतं, आमच्याकडे फाईल उघडली की इंग्रजी अक्षरांचा भुसा पडतो. युनिकोडमध्ये टाइप केलेलं असेल तर दोन्हीकडे कुलकर्णी.

एवढं सगळं त्या पहिल्या पत्रात लिहायला हवं होतं, पण सरकारी पत्राला एक पान असतं. शनिवारी दुपारी मी विभागात येतो. फाईल पेनड्राइव्हवर आणतो आणि पहिलं पत्रक आपण दोघं मिळून भरू. हातानं आखलेलं पत्रक विभागाच्या रेकॉर्डला आपण जरूर ठेवा. ते बंद करा असं नियमात कुठं लिहिलेलं नाही, आणि ताडताना ते आमच्या फार कामी येईल.

कळावे,

आपला विश्वासू,
वरिष्ठ लिपिक, परीक्षा विभाग

ता.क. : आपल्या विभागाच्या तिसऱ्या सत्राच्या पत्रकात, दुसऱ्या पानावर वरून तेराव्या ओळीत, अंतर्गत गुणांच्या जागी एक रेघ आहे. लेखीला 44 आहेत. मी अजून काही भरलेलं नाही. ही रेघ कसली ते तेवढं सोमवारच्या आत कळवावं.